अमावास्येचा चेक आणि दुसऱ्या दिवसाची पावती

मी तापट आहे. आमच्या ऑफिसात गिऱ्हाईक आलं की मालक गोड बोलायचे आणि मी खरं बोलायची, अशी वाटणी होती. बांधकामाचा धंदा, कसबा बावड्याकडच्या रस्त्याला ऑफिस, आत दोन टेबलं. एक मालकांचं, एक माझं. पावत्या, पत्रं, फायली, बँकेत जाणं, चहा सांगणं, सगळं माझ्याकडे. बारा वर्षं मी तिथं पावत्या फाडल्या. त्यातली एक पावती अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

फ्लॅटचं टोकन घेण्याची आमची पद्धत साधी होती. गिऱ्हाइकानं फ्लॅट पसंत केला की एकावन्न हजारांचा चेक घ्यायचा. पावती पुस्तकातून पावती फाडायची, कार्बनची प्रत पुस्तकात राहायची. पावतीवर फ्लॅटचा नंबर, मजला, चटई क्षेत्र, ठरलेली किंमत, चेकचा नंबर आणि 'चेक वटल्यास ग्राह्य' ही ओळ. पावतीसोबत लेटरहेडवर एक पत्र द्यायचं, त्यात अटी. हे टोकन फक्त फ्लॅट राखून ठेवण्यासाठी आहे, हा खरेदीचा करार नव्हे. पावतीच्या तारखेपासून एकवीस दिवस फ्लॅट दुसऱ्या कुणाला देणार नाही. तेवढ्यात टोकन धरून किमतीच्या दहा टक्के रक्कम पुरी करायची आणि करार नोंदवायचा. कर्ज नामंजूर झालं आणि बँकेचं तसं पत्र आणलं तर टोकन पूर्ण परत, बिनव्याजी. स्वतःच्या मर्जीनं मागं फिरलात तर पाच हजार कापून परत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी वेगळं. आणि शेवटी, कुठली कागदं आणून द्यायची त्याची यादी.

हे झालं की भिंतीवरच्या तक्त्यात त्या फ्लॅटचा चौकोन लाल पेनानं भरायचा. मग मी तक्त्याचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर टाकायची. मालक दिवसभर साइटवर असायचे, त्या फोटोवर बघून ते गिऱ्हाइकांशी बोलायचे. लाल म्हणजे गेला, पांढरा म्हणजे शिल्लक.

तर ती बाई आली अमावास्येच्या दिवशी दुपारी.

कळंब्याकडे तिची खानावळ होती. दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, त्यात स्वयंपाक, रोज साठेक डबे. नवरा कारखान्यात कामाला होता, अपघातात त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला. वॉकरवर चालायचा, पण जिना उतरायचा म्हटलं की दोघांनी धरावं लागायचं. म्हणून तो उतरायचाच नाही. "दोन वर्षं झाली, त्यांनी रस्ता बघितलेला न्हाय," ती म्हणाली. "खिडकीतनं बघतात तेवढंच."

आमच्या त्या बिल्डिंगमध्ये खाली सगळं पार्किंग होतं. पार्किंगच्या मागच्या अंगाला एकच फ्लॅट जमिनीला लागून होता, पुढे एक पायरीसुद्धा नाही आणि मागे फरशी घातलेली मोकळी जागा. बाकी सगळे फ्लॅट वर. लिफ्ट होणार होती, पण तिला लिफ्टचा भरवसा नव्हता. "लाइट गेली की माझा माणूस वर अडकला," ती म्हणाली. तिला तोच पाहिजे होता, त्याच्याशिवाय दुसरा चालणारच नव्हता. असा फ्लॅट तिनं वर्षभर धुंडाळला होता.

चेक तिनं लिहून आणला होता, पण तारीख कोरी. पेन हातात घेतलं आणि थांबली.

"आज अमावास्या हाय ओ. उद्याची तारीख घालू का?"

"मग उद्याच या की," मी म्हणाले.

"उद्या डबे कोण करणार? आज कामवाल्या बाईला विनवून आलोय. आणि उद्यापर्यंत फ्लॅट गेला तर?"

आता खरं सांगायचं तर आमच्या ऑफिसातही अमावास्येला कुणी टोकन घेत नसे. मालकांचाच नियम. मी देवाधर्मातली नव्हे, पण बारा वर्षांत तो नियम माझ्याही हाताला लागला होता. मी म्हणाले, ठीक आहे, चेकवर उद्याची तारीख घाला, मी पावतीवरही उद्याचीच घालते. तुम्ही आजच घेऊन जा, म्हणजे परत खेप नको.

पावती फाडली. पत्र टाइप करताना मात्र माझ्या मनाला टोचलं. चेक आज हातात घेते आणि कागद म्हणतो उद्या. म्हणून पत्रात वरच एक वाक्य घातलं: 'आपला चेक आज रोजी स्वीकारला असून आपल्या विनंतीवरून चेक व पावतीवर उद्याची तारीख आहे, सदर सदनिका आजपासूनच आपल्यासाठी राखीव आहे.' पत्रावर आजची तारीख, खाली शिक्का, 'करिता' म्हणून माझी सही. एवढं सगळं शहाणपणानं केलं. आणि तक्त्याचा चौकोन भरला नाही. लाल पेन हातात घेतलं होतं हो! पण म्हटलं, अमावास्या आहे, उद्या सकाळी आल्या आल्या भरू. पेन ठेवून दिलं. अशी मी हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मालक खुशीत आत आले. "मागचा ग्राउंडचा गेला," म्हणाले. "निपाणीकडचे व्यापारी. पोराला इथं कॉलेजला ठेवायचंय. काल संध्याकाळी साइटवर आले, तिथल्या तिथं मोबाइलवरनं एक लाख टाकले. मी म्हटलं, पावणं, आज अमावास्या. तर म्हणाले, आमच्याकडं अमावास्येला दुकानाची पूजा असते, लक्ष्मीचा दिवस, आजच करायचं. काढा त्यांची पावती, कालच्या तारखेची."

मी पावती पुस्तक त्यांच्यासमोर उघडून ठेवलं.

मालकांनी कार्बनची प्रत वाचली. मग भिंतीवरचा तक्ता बघितला, मग माझ्याकडे.

"चौकोन पांढरा आहे."

"भरायचा राहिला."

"राहिला? का राहिला?"

काय सांगणार, कप्पाळ! सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन फेऱ्या मारल्या आणि मग थंड आवाजात म्हणाले, "चेक बँकेत टाकला?"

"आजची तारीख आहे. अजून ड्रॉवरमध्ये."

"मग काय बिघडलं? पैसे आलेच नाहीत. त्यांची एन्ट्री कालची, हिची पावती आजची. चेक परत देऊन टाका. पण पावतीचं पुस्तक सीए तपासतो, नंबर चुकला की विचारतो. मूळ पावती परत आली तरच कार्बनवर 'रद्द' मारता येईल. तेव्हा मूळ पावती आणि ते पत्र, दोन्ही घेऊन या."

"ती देईल कशाला?"

"तुम्हाला देईल. सांगा, पावतीत चूक झालीय, दुरुस्त करून आणून देतो. संध्याकाळी चेक पाठवून देऊ आणि गोड शब्दांत दुसरं पत्र. वरचा कुठलाही फ्लॅट घ्या म्हणावं, पन्नास हजार कमी करतो. आणि हे बघा," इथं ते थांबले, "घोळ तुमचा आहे. निस्तरायचा पण तुम्हीच."

ते खरं होतं. म्हणून तर मला बोलता येईना. नाहीतर मी कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हे. पण त्या वेळी माझ्या नवऱ्याचं काम सुटलेलं होतं, घर माझ्या पगारावर होतं, आणि चूक माझी होती. मी स्कूटर काढली.

अकराच्या सुमाराला तिच्या जिन्याशी पोचले. भाकरीचा वास खालपर्यंत येत होता. वर गेले तर डब्यांची रांग लागलेली, ती परातीसमोर बसलेली आणि नवरा खुर्चीत बसून डब्यांना झाकणं लावत होता. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला उलटं फिरावंसं वाटलं.

"या या! तुम्ही कशाला आलासा, मीच आलो असतो की. अहो, ह्या त्याच मॅडम, काल सांगितलं न्हाई का?"

नवऱ्यानं हात जोडले. म्हणाला, "मागं मोकळी जागा हाय म्हणं. तिथं कोथिंबीर लावीन म्हणतो. बसूनबी होईल तेवढं."

मी म्हणाले, "पावतीत थोडी चूक झालीय. दुरुस्त करून देते. पावती आणि पत्र दोन्ही लागतील."

एवढंच वाक्य. किती सोपं गेलं तोंडातून! मी तिच्याकडे बघितलं नाही, डब्यांकडे बघत बोलले.

ती हात धुऊन उठली. कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढली आणि आख्खी फाइलच माझ्या हातात दिली. "सगळंच घेऊन जावा. तुम्ही म्हणताय म्हणजे चूक असंलच की. चहा टाकू?"

"नको, घाई आहे."

"अर्धा कप."

"नको म्हटलं ना!" मी वसकन ओरडले. ती बावरली. मी जिना उतरले, स्कूटरला जोरात किक मारली. रागानं. कुणाच्या रागानं ते तेव्हा कळलं नाही.

ऑफिसपर्यंत गेले. मालकांची गाडी बाहेर उभी होती. पायरीवर एक पाय ठेवला आणि म्हटलं, पावती नि पत्र तेवढं वेगळं काढू, बाकी फाइल काय करायची आत नेऊन. तिथंच उभी राहून फाइल उघडली.

पत्राखाली मी कागदांची यादी दिली होती. पॅन कार्ड, आधार कार्ड, दोघांचे दोन-दोन फोटो, सहा महिन्यांचं बँक पासबुक, खानावळीच्या नोंदणीची प्रत. मुदत सात दिवसांची होती. तिनं एका रात्रीत सगळं जमवलं होतं. प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण होती आणि कागद त्याच क्रमानं टाचलेले होते. फोटो नवे होते. नवरा तर जिना उतरत नव्हता, म्हणजे तिनं फोटोवाल्याला घरी बोलावलं असणार, मागं पांढरी चादर धरलेली दिसत होती. तिच्या अंगावर काठपदराची साडी. एकवीस दिवसांच्या अटीपुढं तिनं शेवटचा दिवस मोजून लिहिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'त्याआधीच करणे.'

माझ्या अटी तिनं एकूणएक पाळायला घेतल्या होत्या. आमच्याकडे पाळायला एकच अट होती, फ्लॅट दुसऱ्याला न देण्याची, आणि तिच्याखाली माझी सही होती.

मी पाय मागं घेतला. मला फार मोठं काही वाटलं वगैरे नाही. फक्त एवढं कळलं की आत गेले तर मला आयुष्यभर माझीच लाज वाटत राहील. परत कळंब्याला गेले.

डबे गेले होते. दोघं जेवत होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. चौकोन भरला नाही ते, निपाणीचे लाख रुपये, मालक काय म्हणाले ते, आणि मी खोटं सांगून फाइल नेली तेही. "वाटेतूनच परत आले," एवढं मात्र मी म्हणाले.

ती ताटावरून उठली. मला वाटलं मालकांना शिव्या देईल. तिनं मला धरलं.

"मी अडाणी बाई, मी म्हणलो उद्याची तारीख घाला. तुम्ही का ऐकलासा? तुम्ही शिकलेल्या न्हाय? तुमचं कामच हाय ते! आणि वर माझ्या दारात येऊन खोटं बोलला? त्यांच्यासमोर?" तिनं नवऱ्याकडे हात केला. त्याचा घास हातातच होता. "कोथिंबीर लावीन म्हणाले की ओ ते तुम्हाला!"

मी उभी राहून ऐकून घेतलं. कुणाचं इतकं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

मग तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "स्कूटर हाय न्हवं? चला."

वाटेत मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "पुढं बघून चालवा."

मालक तिला बघून उठून उभे राहिले. "या, बसा, चहा सांगा हो..."

"चहा नको. माझा फ्लॅट मला देणार का न्हाय, तेवढं सांगा."

मालक समजावू लागले. गोड आवाज, लहान मुलाला बोलावं तसा. "ताई, हे बघा, नियमानं जाऊ. पैसे त्यांचे आधी आले. तुमची पावती आजच्या तारखेची आहे, त्यांचं पेमेंट कालचं. मी काय करू?"

तिनं फाइल टेबलावर ठेवली, पत्र काढलं आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. "'आपला चेक आज रोजी स्वीकारला असून...' ह्या पत्रावर तारीख कुठली हाय, सायेब?"

मालकांनी पत्र हातात घेतलं. हे पत्र त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचलं असावं. 'सदर सदनिका आजपासूनच' या शब्दांवर त्यांची नजर थांबली. मग माझ्याकडे वळले.

"हे वाक्य कुणी घालायला सांगितलं?"

"कुणी नाही. खरं होतं म्हणून घातलं."

"खरं!" ते म्हणाले. "खऱ्याची तुम्हाला फार हौस!"

"काल संध्याकाळी साइटवर काय झालं ते मला माहीत न्हाय," ती बाई म्हणाली. "माझ्याकडं कागद दुपारचा हाय, तुमच्या शिक्क्याचा. त्यांच्याकडं काय हाय?"

त्यांच्याकडे काही नव्हतं. निपाणीवाल्यांची पावती मी काढलीच नव्हती. मालकांनी ते डोळ्यांनीच मला विचारलं आणि मी मान हलवली. ती खुर्चीवर बसली नव्हती, टेबलाची कडा दोन्ही हातांनी धरून उभी होती.

मालकांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बहुतेक आम्हा दोघींना ऐकवायचं होतं की ते किती अडचणीत आहेत. पलीकडचा माणूस आधी चिडलाच. "असं कसं ओ? लक्ष्मीच्या दिवशी पैसा टाकलाय मी!" मालकांनी सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं,

"तिला लिहून दिलंय काय?"

"दिलंय."

"सही-शिक्का?"

"आहे."

"मग मला कशाला फोन करताय?" तो म्हणाला. "आम्ही पण धंदा करतो. उद्या तुम्ही मला लिहून दिलेलं पण असंच फिरवणार काय? वरचा द्या. पण रेट बोलू. आणि पावती आजच पाहिजे. ती पावत्या फाडणारी अक्का तिथं हाय काय? तिला म्हणावं, माझ्या पावतीवर कालचीच तारीख घाल. पैसे कालच दिलेत."

मालक रेट बोलायला बाहेर गेले. मी उठून लाल पेन घेतलं आणि मागच्या फ्लॅटचा चौकोन भरला. रंग कडा सोडून बाहेर गेला, तरी भरत राहिले. मग ड्रॉवरमधला चेक काढून बँकेची स्लिप लिहिली. ती बाई माझ्याकडे बघत होती. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारण नव्हतंच. "मला सोडा परत," म्हणाली. "संध्याकाळचे डबे हायत."

मालकांना निपाणीवाल्यांसाठी तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये सव्वा लाख सोडावे लागले. मला कामावरून काढलं नाही, पण दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले.

चेक वटला. तिनं मुदतीच्या चार दिवस आधी दहा टक्के पुरे केले आणि करार नोंदवायला आम्ही निबंधक ऑफिसात गेलो. नवऱ्यालाही खुर्चीसकट जिन्यावरून उतरवून आणलं होतं. तो बाहेर रस्त्याकडे तोंड करून बसला होता, गाड्या बघत. आम्ही दोघी आत बाकावर, नंबर यायची वाट बघत. त्या दिवसानंतर ती माझ्याशी रीतसर बोलायची, कमी-जास्त काही नाही. आता बाकावर अचानक म्हणाली,

"एक विचारू? तुम्ही फाइल घेऊन गेलतासा तवा कुठवर गेलतासा? खरं सांगा."

मी सांगितलं. "ऑफिसच्या पायरीपर्यंत. एक पाय पायरीवर होता."

"म्हणजे बरंच लांब."

"हो."

"आणि फाइल उघडली नसती तर? दिला असता कागद?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिलाही ते चाललं असतं, असं मला वाटतं.

"दिला असता," मी म्हणाले.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. उठता उठता ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंसा. पण वास्तुशांतीला तुम्हाला बोलवायचं का न्हाय, ते मी अजून ठरवलं न्हाय."

वास्तुशांत झाली. बिल्डिंगमधले सगळे जेवून आले, मालकसुद्धा जेवून आले आणि आमटीचं कौतुक करत होते. मला बोलावणं आलं नाही. माझ्यासारख्या तापट बाईला त्याचा राग यायला पाहिजे होता. आला नाही.